रोखीचा भाव आधी सांगा

सोयाबीन आडतीवर जायला लागलं की मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावागावांत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांवर एकच फलक चढतो: 'नो कॉस्ट ईएमआय, शून्य टक्के व्याज'. फलकाबरोबर दरवर्षीचं भांडणही सुरू होतं. एक बाजू म्हणते, ही शुद्ध लूट आहे, हप्त्याच्या नादी लागू नका, ऐपत असेल तेव्हाच वस्तू घ्या. दुसरी म्हणते, कंपनी फुकट पैसा वापरायला देत असेल तर सोडायचा कशाला? आपली रक्कम मुदत ठेवीत ठेवा आणि हप्ते भरा, उलट दोन पैसे सुटतील. पहिल्या बाजूचा सूर उपदेशाचा असतो, दुसऱ्याचा हुशारीचा. हिशेब मात्र दोघांपैकी कोणीच मांडत नाही.

दोघं भांडतात ते 'व्याज आहे की नाही' यावर, आणि त्या प्रश्नात काही दम नाही. कुणाचा तरी पैसा सहा महिने कुणाकडे तरी अडकतो, म्हणजे व्याज असणारच. विचारायचं ते हे की ते व्याज कोणाच्या खिशातून जातं आणि कुठल्या कागदावर दिसतं. माझं म्हणणं असं आहे की हप्त्यावर वस्तू घेण्यात गैर काही नाही, त्या सोयीची किंमत दडवण्यात आहे. आणि ती किंमत हप्त्याच्या करारात शोधून सापडत नाही, कारण ती तिथं नसतेच. रोख देणाऱ्याला मिळणारी आणि हप्तेवाल्याला न मिळालेली जी सवलत असते, तिच्या पोटात ती असते. म्हणून दुकानात रोखीचा भाव आणि हप्त्याचा भाव शेजारी शेजारी लिहिण्याची सक्ती हवी. ती येईपर्यंत गिऱ्हाइकानं तो आकडा दुकानदाराच्या तोंडून काढून घ्यायला शिकलं पाहिजे.

आधी पडद्यामागचा व्यवहार बघू. फ्रिजवर 30,000 रुपयांची चिठ्ठी आहे आणि महिन्याला 5,000 प्रमाणे सहा हप्ते ठरले. तुम्ही एकूण 30,000 च भरणार, त्यामुळे 'शून्य टक्के' हे शब्द वरवर खरे वाटतात. पण पैसा लावणारी फायनान्स कंपनी दुकानदाराला पुरे 30,000 देत नाही. आपलं व्याज ती आधीच कापून घेते. तिचा दर वर्षाला 15 टक्के धरला, तर सहा महिन्यांत मिळणाऱ्या त्या 30,000 ची आजची किंमत साधारण 28,730 रुपये होते. दुकानदाराच्या हातात तेवढेच पडतात. उरलेले 1,270 हे व्याज, आणि ते दुकानदारानं किंवा फ्रिज बनवणाऱ्या कंपनीनं सोसलेलं असतं. आता दुकानदाराच्या जागी बसून बघा. हप्त्यावर विकलं तर 28,730 मिळणार हे त्याला माहीत आहे. मग समोर रोख मोजणारा माणूस उभा राहिला तर त्याला तो फ्रिज साडेअठ्ठावीस-पावणेएकोणतीसला द्यायला त्याचं काय जातं? जवळजवळ काहीच नाही. रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट ही दुकानदाराची माया नसते. हप्तेवाल्यासाठी बाजूला काढलेला जो व्याजाचा पैसा, तोच इथं सूट म्हणून दिसतो.

लातूरला गंजगोलाईच्या बाजूच्या एका दुकानात शेजारच्या काकांसोबत फ्रिज बघायला गेलो होतो. काकांनी भाव विचारला, तर विक्रीवाल्या पोरानं भाव न सांगता उलट विचारलं, "काका, कॅश का फायनान्स?"

काका म्हणाले, "तू भाव तर सांग, पैशाचं मी बघतो."

"तीस हजार. फायनान्सवर झिरो टक्के आहे. महिन्याला पाच हजार, सहाच महिने."

"आन रोख मोजले तर?"

पोरानं गल्ल्याकडे बघितलं. मालकानं कॅल्क्युलेटरवर काहीतरी बडवलं आणि तिथूनच आवाज दिला, "रोख देणार असाल तर अठ्ठावीस पाचशे लावू. पण आत्ता घेणार असाल तरच."

या दीड हजाराचा उल्लेख दुकानातल्या एकाही फलकावर नव्हता. काकांनी विचारलं नसतं तर तो आकडा कधी जन्मालाच आला नसता, आणि काकांनी सहा महिने आनंदानं 'बिनव्याजी' हप्ते भरले असते. पोरानं आधी 'कॅश का फायनान्स' विचारलं, त्यातही मेख आहे. उत्तर ऐकल्यावर कुठला भाव सांगायचा ते ठरतं. एकदा तुम्ही 'फायनान्स' म्हणालात की रोखीचा भाव त्या दुकानात तुमच्यासाठी उरत नाही.

आता त्या दीड हजाराचं मोल काढू, कारण इथंच बहुतेकांचा हिशेब घसरतो. 28,500 वर 1,500 म्हणजे सव्वापाच टक्के. 'एवढंच ना? बँकेचं वैयक्तिक कर्ज बारा-चौदा टक्क्यांनी पडतं', असं म्हणून लोक मोकळे होतात. पण ते बारा-चौदा टक्के वर्षाचे असतात, हे सव्वापाच सहा महिन्यांचे आहेत. शिवाय पूर्ण 28,500 तुमच्याकडे सहा महिने राहतच नाहीत. महिन्याभरात पाच हजार परत गेले, पुढच्या महिन्यात आणखी पाच. शेवटच्या महिन्यात तर तुमच्या अंगावर एकाच हप्त्याएवढी रक्कम असते. सगळ्याची सरासरी काढली तर हे पूर्ण रक्कम साडेतीन महिने वापरल्यासारखं होतं. हप्त्यांच्या संख्येत एक मिळवायचा आणि निम्मं करायचं, की हे 'खरे महिने' मिळतात: सहा हप्त्यांना साडेतीन, आठ हप्त्यांना साडेचार, बाराला साडेसहा. जादा गेलेल्या पैशाची टक्केवारी या आकड्यानं भागली की महिन्याचा दर हातात येतो. सव्वापाचला साडेतीननं भागा: महिन्याला दीड टक्का, वर्षाला 18. कागदावरच्या चोख सूत्रानं काढलं तरी पावणेअठराच्या आसपासच येतं, म्हणजे बोटांवरचा हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या करायला पुरेसा आहे.

यात अजून फाईल चार्ज धरलेला नाही. समजा तो 500 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590 रुपये. तो पहिल्याच दिवशी जातो. आता जादाचे पैसे झाले 2,090. ते 28,500 च्या 7.3 टक्के होतात, आणि साडेतीननं भागले की महिन्याला 2.1. आपल्याकडे व्याज वर्षाच्या टक्क्यांत कोण बोलतं? 'शेकडा दोन', 'शेकडा तीन' हीच बोली. त्या बोलीत सांगायचं तर शून्य टक्क्यांचा फ्रिज शेकडा दोनच्या वर पडला, वर्षाला 25 टक्के. हा आकडा जर त्याच फलकावर 'शेकडा दोन रुपये' असा लिहिला असता, तर किती जणांनी सही केली असती?

दुकानात याहून जास्त चालते ती 'दहा-दोन'ची स्कीम. दहा हप्ते, त्यातले दोन आजच भरायचे. तोच 30,000 चा फ्रिज, 3,000 चा हप्ता, आज 6,000 आणि फाईल चार्ज. गिऱ्हाइकाला वाटतं की मुदत लांबली, म्हणजे सौदा स्वस्त झाला. पण 28,500 चा फ्रिज घेताना तुम्ही 6,000 रोखच दिलेत. उधारी राहिली 22,500 ची, आणि हप्ते उरले आठ. जादा पैसे तेच 2,090, पण आता ते 22,500 वर मोजायचे, म्हणजे 9.3 टक्के. साडेचारनं भागा, पुन्हा शेकडा दोनच्या थोडं वर. दहा महिन्यांच्या हिशेबानं आणि पूर्ण रकमेवर मोजाल तर हाच दर शेकडा सव्वा-दीडच्या मध्ये दिसेल, आणि तो दिसणं चूक आहे. आगाऊ हप्ते ही उधारी नव्हे, ते तुमचेच पैसे आहेत.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि ते थोडंथोडकं नाही. पहिलं म्हणजे, काही योजना खरोखरच बिनव्याजी असतात. एखाद्या कंपनीला एखादं मॉडेल सणाआधी खपवायचं असतं, आणि जाहिरातीवर खर्च करण्याऐवजी ती व्याज स्वतः भरते. अशा वेळी दुकानदाराला त्याचा पूर्ण पैसा मिळतो, आणि रोखीचा माणूस कितीही घासाघीस करो, त्याला त्या कारणानं वेगळी सूट मिळत नाही. तिथं हप्ता घेणारा शहाणा. कार्डावर तर कधी उलटंही घडतं. बँकेची थेट सूट फक्त हप्त्याच्या व्यवहारावर असते, आणि एकरकमी भरणाराच महागात पडतो. 'नो कॉस्ट म्हणजे फसवणूकच' असं सरसकट म्हणणाऱ्यांना या दोन उदाहरणांचं उत्तर देता येत नाही, आणि म्हणूनच त्यांचं म्हणणं कोणी मनावर घेत नाही.

दुसरा मुद्दा याहून वजनाचा आहे. ज्याच्याकडे 28,500 एकदम नाहीत त्याला रोखीच्या भावाचं कौतुक सांगून काय उपयोग? त्याचा पर्याय मुदत ठेव मोडणं नसतो. त्याचा पर्याय असतो गावातला खासगी सावकार, तो शेकडा तीन किंवा पाचनं देतो आणि वर मिंधेपणा वेगळा. त्याच्या तुलनेत शेकडा दोन स्वस्त आहेत, हप्ता ठरलेला आहे, पावती मिळते, आणि वेळेवर फेडलं तर पुढे बँकेकडून कर्ज मिळायला पत तयार होते. उन्हाळ्यात बेचाळीस अंशांत लहान लेकरू आणि म्हातारी आई घरात असताना कूलर 'ऐपत आल्यावर' घ्या असं सांगणं सोपं आहे, सांगणाऱ्याच्या घरी एसी असतो.

हे सगळं मला मान्य आहे. पण या युक्तिवादातून जे सिद्ध होतं ते एवढंच की शेकडा दोननं उधार घेणं काही वेळा योग्य असतं. ते शेकडा दोन आहेत हे लपवणं योग्य असतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. उलट ज्याची निकड जास्त, त्यालाच आकडा माहीत असण्याची गरज जास्त. दर समजला तर तो विचार करील: महिला बचत गटातून शेकडा एकनं मिळतंय का? पगारदारांच्या पतसंस्थेतून मिळतंय का? साडेतेवीस हजारांचं छोटं मॉडेल रोख जमतंय का? दर शून्य आहे असं सांगितलं की ही सगळी दारं आपोआप बंद होतात. शून्याशी स्पर्धा करणार कोण?

मराठवाड्यात या हिशेबाला आणखी एक पदर आहे. हप्ता महिन्याचा असतो आणि इथली कमाई हंगामाची. सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरला, कापसाचा वेचणीप्रमाणे, उसाचं बिल कारखान्याच्या मर्जीप्रमाणे, आणि तोडणीला जाणाऱ्याची उचल तर हंगामाआधीच खर्ची पडलेली. दिवाळीत घेतलेल्या फ्रिजचा पाचवा-सहावा हप्ता मार्च-एप्रिलात येतो, नेमका हात कोरडा असताना. खात्यात पैसे नसताना हप्त्याची मागणी आली की ती परत जाते. फायनान्स कंपनी तिचा दंड लावते, बँक वेगळा लावते. दोन्ही मिळून 500 जरी धरले तरी जादाचे पैसे 2,590 होतात आणि दर शेकडा 2.6 वर चढतो. असे दोन महिने गेले की सावकाराचा तीन रुपये शेकडा आला म्हणून समजा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2023 मध्ये नियम करून दंड व्याजाच्या रूपात लावायला आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायला बंदी केली, ते बरंच झालं. पण दंड लावायलाच बंदी नाही. म्हणून हंगामी कमाईच्या घराला माझं सांगणं असं राहील की मुदत पीक बघून निवडा: पैसा हातात असलेल्या महिन्यांत बसतील एवढेच हप्ते, मग ते तीन का असेनात.

'हे सगळं बेकायदेशीर आहे का?' असं कोणी विचारलं की चर्चा पुन्हा भलतीकडे जाते. रिझर्व्ह बँक या विषयावर झोपलेली नाही. सप्टेंबर 2013 मध्येच तिनं बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच अस्तित्वात नसते, आणि व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली लपवून वसूल करू नका. एप्रिल 2022 च्या क्रेडिट कार्डाच्या निर्देशांत तिनं आणखी स्पष्ट सांगितलं: व्यवहार हप्त्यांत बदलण्याआधी मुद्दल किती, व्याज किती आणि ते शून्य करण्यासाठी दिलेली सूट किती, हे वेगवेगळं दाखवा, बिलातही दाखवा. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जाला मुख्य तथ्यांचं पत्रक द्यावं लागतं आणि त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो. मग अडतं कुठं?

अडतं ते दुकानाच्या उंबऱ्यावर. रिझर्व्ह बँकेचं राज्य कर्ज देणाऱ्यावर आहे, फ्रिज विकणाऱ्यावर नाही. काकांना त्या दिवशी फायनान्सचं पत्रक मिळालं असतं, तर त्यात किंमत 30,000, व्याज शून्य आणि 590 चा खर्च धरून निघालेला दर दिसला असता. तो दर कर्ज देणाऱ्याच्या बाजूनं बरोबरच आहे. पण त्याच क्षणी तोच फ्रिज 28,500 ला मिळत होता, हे पत्रकाला ठाऊक नाही आणि कोणी त्याला सांगतही नाही. वस्तूची किंमत हीच जिथं फुगवलेली आहे, तिथं तिच्यावर काढलेला कुठलाही दर खोटा पडतो. नियम पाळले जातात, सह्या होतात, आणि दीड हजार रुपये कोणत्याच कागदावर न येता जातात.

कार्डाच्या बाबतीत मात्र कागद बोलतो, वाचला तर. ऑनलाइन खरेदीत हप्त्याचा पर्याय निवडला की तपशील उघडून बघा. तिथं बँकेचा व्याजदर लिहिलेला असतो, आणि खाली व्याजाएवढीच सूट वजा केलेली असते. आपल्या उदाहरणात 30,000 मधून 1,270 सूट, आणि बँकेचं कर्ज 28,730. पुढे बिलात दर महिन्याला मुद्दल आणि व्याज वेगळं येतं, आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, कारण साध्या कर्जाच्या व्याजाला जीएसटी माफ असला तरी क्रेडिट कार्डाच्या व्याजाला तो माफ नाही. 1,270 वर तो सुमारे 229 रुपये होतो. प्रक्रिया शुल्क 199 असेल तर करासकट आणखी 235. म्हणजे सूट पूर्ण मिळूनही 464 रुपये गेलेच. याला कोणी फसवणूक म्हणू नये, तपशिलात ते लिहिलेलं असतं. पण 'शून्य' म्हणायलाही जीभ रेटत नाही. त्याच पानावर एकदा 'एकरकमी' हा पर्याय निवडून शेवटची रक्कम बघावी. ती 30,000 हून खाली उतरली, तर जेवढी उतरली तेवढं व्याज तुम्ही भरणार होतात.

इतिहासात डोकावलं तर हा डाव नवा नाही. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले आणि दंगे पुणे-नगर भागात पसरले. त्या दस्तांची तक्रार नुसती व्याजाच्या दराची नव्हती. कागदावर शंभर लिहायचे आणि हातावर कमी टेकवायचे, कापलेली रक्कम कुठं दिसू द्यायची नाही, हा रिवाज होता. कागदावरचा दर बघून कोर्ट निकाल देई आणि कागद तर निर्दोष असे. 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा आला, त्यानं न्यायाधीशाला एक महत्त्वाचा अधिकार दिला: दस्ताच्या पाठीमागे जा, व्यवहार सुरुवातीपासून तपासा, प्रत्यक्षात किती दिले ते बघा. तो कायदा मुंबई इलाख्याचा, आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे मराठवाड्याला त्याचा लाभ झाला नाही. पण त्यातली दृष्टी अचूक होती. उधारी मोजायची ती लिहिलेल्या रकमेवर नव्हे, हाती पडलेल्या किमतीवर. काकांच्या हाती पडणाऱ्या फ्रिजची किंमत बाजारात 28,500 होती. लिहिले असते 30,000.

तुलना ताणू नये हेही खरं. आजचा दुकानदार कुणाची जमीन लिहून घेत नाही, आणि फ्रिज घेणारा दुष्काळानं गांजून दारात आलेला नसतो. साम्य आहे ते फक्त हिशेब लपवण्याच्या जागेत.

मग खरी बिनव्याजी योजना आणि सवलतीतून व्याज कापणारी योजना दुकानात ओळखायची कशी? पैसे कसे देणार हे आधी सांगू नका. मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या आणि 'आज, आत्ता, यूपीआयनं पूर्ण पैसे दिले तर बिल कितीचं होईल' एवढंच विचारा. जुन्या वस्तूची अदलाबदल, फुकटचा स्टँड, वाढीव वॉरंटी यातलं काहीही मध्ये येऊ देऊ नका, कारण दोन भावांतला फरक नेमका तिथंच मुरवला जातो. वाढीव वॉरंटी तर अनेकदा हप्त्यात गुपचूप मिसळलेली असते. रोखीचा आकडा ठरला, घासाघीस संपली, की मगच हप्त्याचं काढा: 'याच भावावर हप्ते करून द्या.' खरी योजना असेल तर दुकानदार हो म्हणेल, फार तर फाईल चार्ज मागेल. 'मग ती सूट लागू नाही होणार' असं म्हणाला, की जी सूट गेली ते तुमचं व्याज. आणखी एक खूण आहे. कंपनीची योजना ठराविक मॉडेलला, ठराविक मुदतीला असते आणि चार दुकानांत सारखीच असते. एखाद्या दुकानात मिक्सरपासून एसीपर्यंत सगळंच नो कॉस्ट असेल, तर कंपन्या मेहेरबान झाल्यात असं समजण्यापेक्षा चिठ्ठीवरच्या किमती चढवल्यात असं समजणं जास्त सुरक्षित.

पण हे सगळं गिऱ्हाइकाच्या हुशारीवर सोडून चालणार नाही. जो विचारतो त्याला साडेअठ्ठावीस आणि जो लाजतो त्याला तीस, ही रीत शेवटी लाजणाऱ्याकडून वसूल करते. आणि दुकानात लाजणारे कोण असतात? पहिल्यांदा मोठी वस्तू घेणारे, अक्षरओळख कमी असणारे, खेड्यातून दिवस मोडून आलेले. म्हणून सक्तीचा मुद्दा. अमेरिकेत 1968 पासून कर्जाच्या पारदर्शकतेचा कायदा आहे, आणि त्याखालच्या नियमांत उधारीऐवजी रोख पैसे द्यावेत म्हणून दिलेली सूट ही, काही अपवाद सोडले तर, उधारीचा खर्च म्हणूनच धरली जाते. हे तत्त्व आपल्या ग्राहक कायद्यात बसवायला अवघड काय आहे? किंमतपत्रकावर आणि बिलावर दोन रकाने: एकरकमी भाव, हप्त्यांची एकूण बेरीज शुल्कासकट. नोव्हेंबर 2023 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी ऑनलाइन विक्रेत्यांना किमतीचे भाग लपवून शेवटी पुढे करायला मनाई केलीच आहे. जे पडद्यावर चालत नाही ते गल्ल्यावर का चालावं?

यावर दुकानदारांचा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. ते म्हणतात, दोन भाव लिहायला लावले तर आम्ही रोखीची सूटच बंद करू, सगळ्यांना तीस हजार. काही जण तसं करतीलही, आणि मग हप्तेवाल्याचं व्याज रोखीच्या गिऱ्हाइकाच्या माथी बसेल. पण ते फार दिवस टिकेल असं वाटत नाही. रोख मोजणारं गिऱ्हाईक कुठल्याही दुकानदाराला हवंच असतं, कारण त्याचा पैसा त्याच दिवशी पूर्ण हातात येतो, कापाकापी नाही. एकानं त्याच्यासाठी 28,500 लिहिले की त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्याला 30,000 वर अडून बसणं महागात पडतं. आज ही स्पर्धा होत नाही, कारण भाव बोलण्यात असतो, लिहिण्यात नसतो, आणि बोललेला भाव दुकानाबाहेर पडला की त्याची तुलना करता येत नाही. काकांना मालकानं 'आत्ता घेणार असाल तरच' म्हटलं होतं ते त्याचसाठी. काका दोन मिनिटं थांबले, त्याच्याकडे कागद मागितला आणि म्हणाले, "भाव लिहून द्या, शेजारी विचारून येतो." मालकानं लिहून दिला नाही. फ्रिज मात्र 28,300 ला दिला.